कामठी छावणीचा नकाशा: आरोग्याची सोय की माणसांवरचा ताबा?

विद्यार्थिनी, महाल: कामठीच्या छावणीत परेडचे मैदान, गोऱ्या सैनिकांच्या बराकी, देशी पलटणींच्या लाइनी आणि बाजार हे सगळे वेगवेगळे ठेवले गेले. लोकांवर नियंत्रण ठेवण्यासाठीच अशी आखणी केली गेली, असे म्हणता येईल का, की आपण आजचे विचार जुन्या नकाशावर लादत आहोत?

निवृत्त सुभेदार, काटोल रोड: माझ्या मते हा अर्थ ओढूनताणून लावलेला आहे. आठशे जणांची पलटण दोन रांगांत उभी केली, की एका रांगेत चारशे जण येतात. माणशी दोन फूट धरले, तरी नुसती रांगच आठशे फूट लांब होते, आणि ती वळवायची तर मोकळे मैदान लागणारच. बराकी दूरदूर बांधल्या त्या वारा खेळता राहावा म्हणून, कारण दूषित हवेने ताप येतो असे तेव्हाचे डॉक्टर मानत. 1863 च्या शाही आयोगाच्या अहवालात हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी 69 दिला आहे. अशा परिस्थितीत वस्त्यांत अंतर ठेवणे ही निकड होती.

नगररचनेच्या अध्यापिका, धरमपेठ: मैदानाचे गणित मला मान्य आहे, पण कालक्रम जुळत नाही. हा अहवाल कामठीची छावणी वसल्यानंतर 42 वर्षांनी आला. नोव्हेंबर 1817 मध्ये इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी राजे अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि अल्पवयीन रघूजींच्या नावाने दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्स कारभार पाहू लागले. त्यानंतर 1821 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्याची ही छावणी कन्हानच्या काठी, नागपूरपासून सुमारे 15 किलोमीटरवर वसवली गेली. शहराच्या गर्दीपासून ती अलग होती, तरी एका दिवसाच्या कूचमध्ये राजवाड्यापर्यंत सैन्य नेता येत होते. दरबारावर वचक ठेवण्याचा हेतू त्या जागेच्या निवडीतच आहे.

छावणीच्या आतल्या रचनेबद्दल मात्र निव्वळ नकाशावरून निष्कर्ष काढू नये, नियम वाचावेत. बंगालच्या सैन्यासाठी 1836 साली निघालेल्या आदेशाप्रमाणे छावणीतली जमीन सरकारचीच राहत असे आणि घरमालकाला एक महिन्याची सूचना व बांधकामाची किंमत देऊन ती परत घेता येई. मद्रास आणि मुंबईचे नियम वेगळे लिहिलेले होते, पण जमिनीबाबतची भूमिका याच वळणाची होती. पुढे 1864 च्या छावणी कायद्याखालील नियमांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि आजार आढळला की त्यांना बरे होईपर्यंत रुग्णालयात अडकवून ठेवले जाई. त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकांवर अशी सक्ती नव्हती. सुभेदारसाहेब म्हणतात ते आरोग्याचे कारण खरेच होते, पण त्याच कारणाने कोणाच्या शरीरावर ताबा मिळवला गेला, हे विचारल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही.

बंगल्याचा वारस, सदर: माझ्या आजोबांनी दुसऱ्या एका छावणीत जुना बंगला विकत घेतला होता. गळके छप्पर बदलण्याची परवानगी मागितली, तेव्हा बंगला तुमचा असला तरी जमीन तुमची नाही, असे उत्तर आम्हाला मिळाले. अशी जमीन मालकी हक्काने करून घेता येते का, हे कृपया कोणी सांगावे.

नगररचनेच्या अध्यापिका, धरमपेठ: त्यासाठी मूळ कागद वकिलाला दाखवा. तो बंगला भाडेपट्ट्यावर आहे की जुन्या अनुदानावर, म्हणजे जमीन सरकारचीच ठेवून नुसते घर बांधायला दिलेल्या परवानगीवर, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

कामठीचा रहिवासी: अध्यापिकाबाईंच्या मांडणीत बाजारातला माणूस फक्त सोसणारा दिसतो, यावर माझा आक्षेप आहे. पलटणींना धान्य, कापड आणि जनावरे पुरवणारा इथला बाजार इतका वाढला, की 1881 च्या जनगणनेत कामठीची लोकसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. इतके मोठे गाव कोणी नकाशावर आखून ठेवलेले नव्हते. रेल्वेमुळे व्यापार नागपूरकडे वळला आणि 1901 पर्यंत हा आकडा 38,888 वर आला. म्हणजे आमच्या बाजाराचे नशीब छावणीच्या हुकमाने ठरले तितकेच गाडीच्या रुळांनीही ठरवले. दलित चळवळीतले नेते बाबू हरदास याच कामठीचे, आणि त्यांनी इथल्या विडी कामगारांची संघटना उभारली. नियंत्रण इतके पक्के असते, तर हे घडले असते का?

नगररचनेच्या अध्यापिका, धरमपेठ: हरकत रास्त आहे. नियंत्रणाचा हेतू असणे आणि ते साधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कामठीचा बाजार हाताबाहेर वाढला हे मला मान्य आहे. तरीही 1924 च्या छावणी कायद्यात सैन्यात असंतोष पसरवू पाहणाऱ्याला छावणीच्या हद्दीबाहेर घालवण्याची तरतूद होती, हे विसरता येत नाही.

पचमढीची तुलना इथे उपयोगी पडेल. मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूरहून तिकडे जाई, आणि दाणागोटा पिपरियाहून घाट चढवून वर न्यावा लागे. अशा ठिकाणी कोणी दुकान मांडावे आणि कोणी रात्री राहावे, हे ठरवणे कामठीपेक्षा सोपे होते, असा माझा तर्क आहे.

निवृत्त सुभेदार, काटोल रोड: पचमढीत मी नोकरी केली आहे. तिथे सपाट जागाच थोडी, म्हणून वस्त्या सुट्या पडल्या. डोंगराने जे केले त्याचे खापर साहेबाच्या माथी फोडणे मला पटत नाही. जमिनीच्या नियमाबद्दल मात्र तुमचे म्हणणे खोडता येत नाही.