प्रतिसाद: कर्त्याची विक्री आणि स्टे

"बाबा उमरेड रोडचं वडिलोपार्जित शेत विकायला निघालेत, आमची सही नाही. स्टे मिळेल का?"

नुसत्या मनाई हुकुमाचा दावा टिकत नाही. सुनील कुमार विरुद्ध राम प्रकाश (1988) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला, म्हणजे इथे बाबांना, विकण्यापासून आधीच रोखता येत नाही. विक्रीनंतर आव्हान द्या. पण बाबा त्यांच्या भावांपासून विभक्त असतील तर खरेदीखत व्हायच्या आत वाटणीचा दावा टाका. वेगळं व्हायचा इरादा कळवला की तुमच्या हिश्श्यावरचा कर्त्याचा अधिकार संपतो, आणि त्याच दाव्यात तात्पुरती मनाईही मागता येते.

विक्री होऊन गेली असेल तर विकायची कौटुंबिक गरज होती हे खरेदीदाराने सिद्ध करायचं. खतात "कौटुंबिक गरजेसाठी" एवढं लिहून भागत नाही. पण 20 लाखांतले 17 लाख बँकेच्या कर्जात आणि बहिणीच्या लग्नात गेल्याचं दिसलं, तर उरलेल्या तिनाचा हिशेब नाही म्हणून विक्री सहसा मोडत नाही. गरज सिद्ध झालीच नाही, तरी आपल्याकडे बाबांचा स्वतःचा हिस्सा खरेदीदाराकडेच राहतो. परत येतो तो तुमचा. मुदत खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून 12 वर्षं, म्हणून ताबापावतीची तारीख आधी बघा.