शब्दचर्चा: यंत्राचा आवाज ‘नैसर्गिक’, ‘सहज’ की ‘स्वाभाविक’?

मृणाल
मजकूर वाचून दाखवणाऱ्या तीन मराठी आवाजांची छोटी श्रवणचाचणी घेते आहे. बारा वाक्यं, तीन यंत्राचे आवाज आणि ओळख न देता मिसळलेलं एका माणसाचं ध्वनिमुद्रण. ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण द्यायचे. गुणपत्रिकेवर मी लिहिलं होतं, ‘आवाज किती नैसर्गिक वाटला?’

आधी चार जणांवर करून पाहिलं आणि अडले. एकीने माणसाच्याच ध्वनिमुद्रणाला २ दिले. कारण विचारलं तर म्हणाली, ‘बाई छान वाचतात, पण असं कुणी बोलत नाही.’ दुसऱ्याने सगळ्यात सपाट यंत्राला ५ दिले, कारण ‘शब्दन् शब्द कळला’. म्हणजे एकीने बोलणं आणि वाचणं यांतला फरक मोजला, दुसऱ्याने स्पष्टपणा. मला मोजायचं होतं ते तिसरंच. ‘नैसर्गिक’च्या जागी कोणता शब्द घालू?

सदानंद
‘सहज’ घाला. ‘नैसर्गिक’ म्हटलं की आपत्ती आणि शेती आठवते. ‘सहज’ जुना, घरातला शब्द आहे. मुळात सह आणि ज, सोबत जन्मलेलं. माणसाच्या आवाजात जे जन्मजात असतं तेच तर यंत्रात शोधायचं आहे.

वैदेही
सदानंदकाका, व्युत्पत्ती बरोबर आहे, पण आज कानाला तो अर्थ लागत नाही. ‘सहज आले होते’, ‘सहज म्हणाला’ यांत ‘विशेष हेतू नसताना’ असा अर्थ आहे आणि ‘सहज जमलं’ म्हणजे ‘कष्ट न पडता’. बातमी वाचणारी व्यक्ती सहज बोलत नाही, ठाशीव बोलते, तरी ती माणूसच असते. ‘किती सहज वाटला?’ विचारलंत तर बातमीच्या ढंगाचा चांगला आवाज गुण गमावेल आणि गप्पांच्या ढंगाचा सुमार आवाज कमावेल. मृणालच्या पहिल्या बाईंनी २ दिले, त्यामागेही हेच आहे.

सदानंद
मग ‘स्वाभाविक’?

वैदेही
‘त्याला राग येणं स्वाभाविक आहे’ असं आपण म्हणतो. तो शब्द घटनेला लागतो, ‘अपेक्षितच होतं’ अशा अर्थाने. आवाजाला लावला तर ऐकणारा क्षणभर थबकतो, आणि चाचणीत तो क्षणही महाग असतो.

प्रमोद
माझा अनुभव सांगतो. मला दिसत नाही, फोन दिवसभर मला वाचून दाखवतो. मी वेग इतका वाढवून ठेवतो की घरच्यांना एक शब्द कळत नाही. मला माणसासारखा आवाज नकोच, कारण तो वेगात चिरकतो. सपाट आवाज टिकतो. तेव्हा शब्द कोणताही घ्या, आधी वेग वाढवायची सोय कुणात चांगली आहे ते सांगा.

मृणाल
प्रमोददादा, वेगाची चाचणी मी घेत नाहीये, त्यामुळे ते सांगता येणार नाही. पण तुमच्यामुळे पत्रिकेत एक रकाना वाढला: ‘असे आवाज रोज ऐकता का?’ रोज ऐकणाऱ्याचा कान सरावलेला असतो. त्यांचे गुण वेगळे काढून पाहीन.

इरावती
मी अशा चाचण्या बरीच वर्षं घेते आहे. माझं म्हणणं, विशेषणच काढून टाका. सरळ विचारा: ‘हे वाक्य माणसाने म्हटल्यासारखं किती वाटलं?’ खाली एक ओळ द्या: ‘वाचणं आवडलं का किंवा अर्थ कळला का, याचा विचार करू नका.’ आणि सुरुवातीला सरावाची तीन वाक्यं ऐकवा, एक अगदी यांत्रिक, एक मधलं, एक माणसाचं, म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं कानाला कळतात. हे गुण मोजू नका.

सदानंद
उच्चारांसाठी वेगळा रकाना द्या ना शेजारी. लोक दोन्ही गोष्टी वेगळ्या करतील.

इरावती
वेगळा हवा हे खरं, पण त्याच वेळी नको. ‘आमचा चुलत भाऊ चार चमचे विसरला’ हे वाक्य घ्या. ‘आमचा’ आणि ‘चुलत’ यांतले च आणि ‘चमचे’मधला पहिला च दातांपाशी उमटतात, ‘चार’मधला टाळूपाशी. लिपीत अक्षर एकच, त्यामुळे यंत्राला हे शब्दागणिक कळावं लागतं. एका आवाजाने ‘चमचे’चा पहिला च ‘चार’सारखा म्हटला. बाकी सूर, थांबे, श्वास सगळं उत्तम होतं, तरी त्या वाक्याला पाचापैकी दोन जणांनी १ दिला. शेजारी उच्चाराचा रकाना असला की एकाची नाराजी दुसऱ्यात झिरपते. म्हणून उच्चाराची फेरी दुसऱ्या दिवशी घ्या आणि त्यात गुण नकोत, चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा.

वैदेही
मला मात्र वाटतं, चुकलेला च हा माणूसपणाचाच भाग आहे. मराठी माणूस ‘चमचे’ असा म्हणतच नाही.

इरावती
मराठी शिकत असलेला माणूस म्हणतो, आणि तो माणूसच असतो. पण तुमचा मुद्दा मी पुरता खोडू शकत नाही. ‘मराठी माणसाने म्हटल्यासारखं’ असं लिहिलं तर च आत येतो, ‘माणसाने’ एवढंच लिहिलं तर बाहेर राहतो. काय मोजायचं ते मृणालने ठरवायचं.

मृणाल
‘मराठी बोलणाऱ्या माणसाने’ असं लिहीन. वाक्यांबद्दलही विचारायचं होतं. ‘तो गेला?’ आणि ‘तो गेला.’ अशी जोडी ठेवली आहे.

इरावती
ती ठेवा, पण मजकूर डोळ्यांसमोर द्या. न देता ऐकवलंत तर सपाट म्हटलेला प्रश्न ‘विधान’ म्हणून पास होतो. आणि एकच वाक्य एकाच माणसाला चारही आवाजांत ऐकवू नका, तो तुलना करायला लागतो. सोळा माणसं घ्या, चारचे चार गट. प्रत्येकाला बाराच तुकडे, प्रत्येक आवाजाचे तीन, कोणतंही वाक्य दोनदा नाही. मग प्रत्येक आवाजाला ४८ गुण मिळतात. सगळ्या तुकड्यांची पातळी आधी सारखी करा, नाहीतर मोठा आवाज फुकटचे गुण खातो.

सदानंद
४८ म्हणजे पुष्कळ झाले. ज्याची सरासरी जास्त तो जिंकला.

इरावती
४८ गुण आहेत, पण कान सोळाच. समजा ‘ग’ची सरासरी ३.९ आली आणि ‘ख’ची ३.७. आता प्रत्येक माणसाने या दोघांना दिलेली सरासरी शेजारी मांडा. सोळापैकी अकरा जणांना ‘ग’ वरचढ आणि पाच जणांना ‘ख’, असं निघालं तर निकाल देऊ नका. सोळा वेळा नाणं उडवलं तरी अकरा किंवा जास्त वेळा एकच बाजू पडणं साधारण पाचातून एकदा घडतं. तेरा-तीन असेल तर बोला. आणि माणसाच्या ध्वनिमुद्रणाला ४.५ च्या आसपासही मिळाले नाहीत, तर आधी पत्रिकेवर संशय घ्या, आवाजांवर नाही.

मृणाल
आता पट्टीचे शब्द. ५ उत्तम, ४ चांगलं, ३ ठीक, २ वाईट, १ फार वाईट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.८०० शिफारशीत पाच पायऱ्या अशाच आहेत.

वैदेही
त्या शिफारशीत गुणवत्ता विचारली आहे, तुम्ही माणूसपण विचारताय. ‘किती वाटलं?’ला ‘वाईट’ हे उत्तर बसत नाही. ‘पूर्ण, बरंचसं, अर्धवट, थोडंसं, अजिबात नाही’ असं करा.

सदानंद
‘अर्धवट’ नको. त्यात दोष लावल्यासारखं वाटतं, लोक तो गुण टाळतील. ‘निम्मं’?

वैदेही
‘निम्मं’ मापाचं वाटतं. आणि ‘बरंचसं’ कुणाला चारात बसतं, कुणाला तिनात.

मृणाल
उद्या दोन पत्रिका छापते, एकीत ‘अर्धवट’, दुसरीत ‘निम्मं’. त्या चौघांना सोडून नव्या आठ जणांना चार-चार वाटून देते. कोणत्या पत्रिकेत ३ ची जागा ओस पडते ते येऊन लिहीन.