मदत हवी आहे: विकलेले फोन आयएमईआय रजिस्टरला स्टॉकमध्येच दिसतायत

भांडुपचा_मोबाईलवाला: स्टेशनजवळ छोटं दुकान आहे, मी आणि भाचा दोघंच. एक्सेलमध्ये एक शीट खरेदीची, एक विक्रीची, दोन्हीत आयएमईआय स्कॅन करतो. एका मॉडेलचे १६ पीस आले, ९ विकले, कपाटात ७ आहेत पण शीट १० दाखवतेय. त्यात काल एक गिऱ्हाईक वॉरंटीसाठी आलं, फोनमध्ये *#06# दाबलं तर जो नंबर आला तो माझ्याकडे कुठेच नाही, मी म्हटलं आमच्याकडचा नाही, तर ते बिलच घेऊन आलं, लाज गेली ना राव.

सॅम_दादर: ड्युअल सिम आहेत ना? बॉक्सवर दोन बारकोड असतात, खरेदीला पहिला स्कॅन झाला असेल आणि भाच्याने विकताना दुसरा. तुमचे ३ पीस तिथेच अडकलेत. एकच लिहा, दुसरा म्हणजे त्यात एक मिळवायचा.

जुना_काउंटर: सॅमभाऊ, पहिलं बरोबर पण एक मिळवू नका. शेवटचा पंधरावा आकडा आधीच्या चौदांवरून हिशोबाने येतो, त्यामुळे नंबर लागोपाठचे असले तरी फरक बऱ्याचदा ८ चा येतो, आणि काही फोनमध्ये तर दोन्हींचा काही संबंधच नसतो. दोन्ही स्कॅन करा.

खरेदी-विक्रीची वेगळी शीटं पण बंद करा. एका फोनला एकच ओळ, D मध्ये पहिला आयएमईआय, E मध्ये दुसरा, पुढे सिरियल, बिल नंबर, विक्रीची तारीख. बाजूला मोकळ्या M2 मध्ये स्कॅन केलं की ओळ सापडते:

```
=IFERROR(MATCH(M2,D:D,0),MATCH(M2,E:E,0))
```

D, E आणि M2 तिन्ही स्कॅन करायच्या आधी टेक्स्ट करा. एकीकडे टेक्स्ट आणि दुसरीकडे आकडा असेल तर समोर दिसणारा नंबरसुद्धा #N/A येतो. नंतर फॉरमॅट बदलून जुने आकडे सुधरत नाहीत, कॉलम निवडून टेक्स्ट टू कॉलम्समधून टेक्स्ट करावे लागतात.

ताई_ठाणे: माझा फोन लोकलमध्ये गेला, आयएमईआयवरून तुम्ही लोकेशन काढून द्याल का?

जुना_काउंटर: दुकानदाराच्या हातात नाही ते ताई. पोलिसात तक्रार करा आणि संचार साथीवर ब्लॉक टाका.

भांडुपचा_मोबाईलवाला: तपासलं, तिन्ही दुसऱ्या बारकोडचेच निघाले. पण वॉरंटीवाल्याचे दोन्ही नंबर जुळत नाहीत, बॉक्सशीसुद्धा नाही.

जुना_काउंटर: आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन आलाय का विचारा. बोर्ड बदलला किंवा हँडसेटच बदलून दिला की आयएमईआय बदलतो. जॉबशीट मागा, त्यावर जुना-नवा दोन्ही असले तर प्रश्न मिटला. जुना खोडू नका, बिल त्याच्यावर आहे, नव्यासाठी वेगळा कॉलम आणि जॉबशीट नंबर.

भांडुपचा_मोबाईलवाला: बोर्ड बदललाय म्हणतो, जॉबशीट हरवली. आता?

सॅम_दादर: मेसेज असेल बघ त्याच्या मोबाईलमध्ये.

भांडुपचा_मोबाईलवाला: त्याच मोबाईलमध्ये होता, रिसेट मारलाय.