प्रतिसाद: हात न उचलताही

> «नवरा हात उचलत नाही, फक्त बोलतो. समुपदेशनाला दोघांनी मिळूनच जावे ना?»

सुरुवातीला तरी नाही. खानापूर तालुक्यातून लग्न होऊन बेळगावात आलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या, त्या ‘मला विसरायला होते’ ही तक्रार घेऊन. नवऱ्याने पैसे दिले की तो तासाभराने ‘दिलेच नाहीत’ म्हणे, माहेरच्या फोनवर कान ठेवी, आणि वर ‘तुझं डोकं ठिकाणावर नाही’ असे सासूसमोर सांगे. दोन वर्षांत त्या भाजीवाल्याकडचे सुटे पैसेही तीनतीनदा मोजू लागल्या होत्या.

अशा वेळी जोडप्याला समोरासमोर बसवले, तर तिथे बोललेल्या प्रत्येक वाक्याचा जाब घरी विचारला जातो, म्हणून आम्ही बाईंना एकटीलाच भेटतो. त्यांना घडलेले त्याच दिवशी तारखेसह लिहायला सांगितले, मात्र वही घरी नव्हे, बहिणीकडे. महिन्याने त्यांनीच ती वाचली, तेव्हा विसरण्याची एकही नोंद नव्हती; नाकारलेल्या गोष्टी अकरा होत्या. ‘तुमचे बरोबर आहे’ हा निकाल समुपदेशकाने द्यायचा नसतो, नाहीतर नवऱ्याच्या जागी आम्ही बसतो. (नव्या समुपदेशकांची चूक बहुधा इथेच होते.)

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही मोडतो. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. फक्त आपला मोबाइल नवरा तपासतो का, हे आधी पाहावे, कारण त्याला सुगावा लागला की पाळत वाढते.