प्रतिसाद: ऋण त्वरण म्हणजे मंदावणं नव्हे

«s = t³ − 6t² + 9t मध्ये t = १ ते २ दरम्यान त्वरण ऋण आहे, तरी उत्तरात कणाची चाल वाढते असं का दिलंय?»

कारण त्या काळात वेगही ऋण आहे. v = 3(t − 1)(t − 3) आणि a = 6(t − 2). t = १ ला कण क्षणभर थांबून उलटा फिरतो. t = १.५ ला v = −२.२५ आणि t = २ ला −३. संख्या घटली, पण चाल म्हणजे |v|, आणि ती २.२५ वरून ३ झाली. २ ते ३ मध्ये a धन होतं, v मात्र ऋणच राहतो, म्हणून तिथे कण मंदावतो. ३ नंतर दोन्ही धन, चाल पुन्हा वाढते. v² चा विकलज 2va आहे, म्हणून निर्णय va या गुणाकाराच्या चिन्हावर होतो, एकट्या a वर कधीच नाही.

मी नाशकात बारावीच्या मुलांना शिकवते. सीबीएसहून नाशिकरोडकडे जाणारी दिशा धन धरायची आणि परतणाऱ्या बसचा विचार करायचा. तिचा वेग ऋण, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला की त्वरण धन! हे पटलं की गोंधळ बहुतेक सुटतो. तरी पेपरात एक चूक उरतेच: मुलं फक्त a = 0 सोडवतात आणि t = २ लाच अंतराल तोडतात. v = 0 ची मुळं, १ आणि ३, हीसुद्धा रेषेवर मांडा, मगच प्रत्येक तुकड्यात चिन्हं तपासा.