गर्दीला पाचच माणसं: काटकसर की फसवणूक?

कोपरीकर: ठाणे स्टेशनच्या फलाटाचा १२ सेकंदांचा टूडी शॉट आहे, चाळीस माणसं हवीत. पाचच काढून त्यांचे लूप रंग बदलून पसरले तर चालेल का? पार्टनर म्हणतो, ही फसवणूक आहे.

तलावपाळी: पार्टनर बरोबर बोलतोय. एकाच बाईला लाल, हिरवी, पिवळी साडी नेसवली तरी बाई तीच, लगेच ओळखू येते. चाळीसही हाताने काढा.

रबाळे_नाईट_शिफ्ट: दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी एका चालीला १२ चित्रं, चाळीस जणांची ४८०. कोण काढणार? आणि डोळा रंगाआधी पकडतो ते एकदम पडणारं पाऊल. सगळ्यांचा लूप २४ फ्रेमचा असेल, तर पुढेमागे सुरू करूनही दर सेकंदाला तीच नक्षी परत येते. एकाचा २०, दुसऱ्याचा २४, तिसऱ्याचा २८ फ्रेमचा ठेवा. तिघं पुन्हा जुळायला ८४० फ्रेम लागतात, म्हणजे ३५ सेकंद. तोवर तुमचा शॉट संपलेला असेल.

फक्त वेग सांभाळा. एका लूपमध्ये माणूस २४० पिक्सेल सरकत असेल, तर २४ वाल्याला फ्रेममागे १०, २० वाल्याला १२, २८ वाल्याला साडेआठच्या जरा वर. सगळ्यांना १० दिलेत की पाय घसरतात. टाच टेकलेली असताना तिच्याखालची लादीची रेघ बघा. टाच रेघेवरून हलली की वेग चुकलाय.

वाशी_कॅमेरा: फलाटावर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, ती आधी काढा.

कोपरीकर: अहो, अ‍ॅनिमेशन आहे!

दिवा_फास्ट: एवढं गणित कशाला? अर्ध्या लोकांना फ्लिप मारा, गर्दी फुकटात दुप्पट.

नेरूळची_मावशी: फ्लिप जपून हो. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या फिल्ममध्ये मारला, तर सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर! आणि एका टी-शर्टवरचं 'मोरया' उलटं. पोरं अजून चिडवतात.

रबाळे_नाईट_शिफ्ट: म्हणून साडी आणि अक्षरं असलेली माणसं सोडून बाकीच्यांनाच फ्लिप. रंगाबद्दल तलावपाळींचं अर्धं मान्य. फ्रेम काळीपांढरी करून बघा, लाल आणि हिरवा शर्ट एकाच राखाडीत गेले तर बदल फुकट गेला. त्यापेक्षा छत्री, पाठीवरची सॅक, डब्याची पिशवी लावा, बाहेरची आकृतीच बदलते.

तलावपाळी: पण सकाळी साडेआठला ठाण्याच्या फलाटावर चालायला जागा कुठे असते? सगळे उभेच.

रबाळे_नाईट_शिफ्ट: हे खरंय. मग काम आणखी स्वस्त: पापणी, या पायावरून त्या पायावर भार, मध्येच इंडिकेटरकडे मान. पुढचे तिघं मात्र वेगळे काढा, तिथे लूप पकडला जातो.

तलावपाळी: आणि गाडी शिरली की चाळीसच्या चाळीस माना एकदम वळतात, तेव्हा?

कोपरीकर: अरे देवा. गाडी सातव्या सेकंदाला येते.