सुडोकूतली एक्सवाय-विंग: दोन्ही टोकांना दिसणारी घरं

«मधलं घर आणि दोन टोकं सापडतात, पण नेमका कुठला आकडा कुठून खोडायचा?»

काल पणजी-बेती फेरीबोटीची वाट बघताना सोडवलेलं कोडंच सांगतो. पाचव्या ओळीच्या पाचव्या घरात २ आणि ७ एवढेच आकडे शक्य, हे मधलं घर. त्याच ओळीच्या पहिल्या घरात २ आणि ४. चौथ्या ओळीच्या सहाव्या घरात, म्हणजे मधल्या चौकटीतच, ७ आणि ४. ही झाली दोन टोकं.

मधे २ आला तर पहिल्या टोकाला ४ येतो, ७ आला तर दुसऱ्याला. म्हणजे दोनपैकी एका टोकाला तरी ४ आहेच. म्हणून दोन्ही टोकं ज्या घराला दिसतात, म्हणजे त्याच्याच ओळीत, उभ्या रांगेत किंवा चौकटीत येतात, तिथे ४ बसूच शकत नाही.

अशी घरं इथे पाच आहेत. चौथ्या ओळीतली पहिली तीन, कारण ती एका टोकाच्या चौकटीत आणि दुसऱ्याच्या ओळीत येतात. ती बहुतेकांना दिसतात. पाचव्या ओळीतलं चौथं आणि सहावं घर मात्र हमखास सुटतं, आणि माझा ४ नेमका त्या सहाव्या घरातूनच गेला. एकच टोक दिसणाऱ्या घराला हात लावू नका, कोडं पुढे तिथेच बिघडतं.

खोडण्याआधी मधलं घर पुन्हा तपासा. तिथे २, ७ सोबत ४ ही शक्य असेल, तर तिन्ही घरं दिसणाऱ्या जागीच खोडता येतं. मग इथे पाचव्या ओळीतली ती दोनच उरतात.